बायपासवरचं होर्डिंग: वीस शब्द की चार?

वारज्यातल्या एका गादीच्या दुकानाला बायपासकडेला २० बाय १० फुटांचं होर्डिंग लावायचंय असं धरू. टेबलावर दोन डिझाइन आहेत. पहिल्यात कापूस, फोम, लॅटेक्स अशी यादी, ‘जुन्या गादीवर एक्स्चेंज’, सुलभ हप्ते, मोफत घरपोच, पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. दुसऱ्यात फक्त ‘पाठ दुखते? गादी बदला.’ आणि खाली दुकानाचं नाव, बाण.

पहिलं मालकांना हमखास आवडतं, कारण भाडं पूर्ण वसूल झाल्यासारखं वाटतं. पण ते संगणकाच्या पडद्यावर, हातभर अंतरावरून पाहिलेलं असतं. रस्त्यावरचा ठोकताळा असा की झटकन वाचता यायला दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची साधारण एक इंच हवी. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ५५ फूट जाते. वीस शब्द कोंबले की अक्षर चारेक इंचांवर येतं, म्हणजे ४० फुटांवरून वाचायचं. त्याला पाऊण सेकंदही मिळत नाही. चार शब्द दोन ओळींत मांडले तर अक्षर १८ इंचांचं होतं, १८० फुटांवरून दिसतं आणि तीन सेकंद हातात येतात.

मराठीत आणखी एक अडचण असते. १८ इंच हे फक्त अक्षराचं अंग. वर मात्रा, खाली उकार धरून एका ओळीला जवळजवळ ३० इंच द्यावे लागतात. ती जागा वाचवायला ओळी जवळ आणल्या की ‘दु’चा उकार खालच्या शिरोरेषेला चिकटतो. फॉन्ट फार जाड घेतला तर गाठी बुजतात आणि लांबून भ-म, घ-ध सारखेच दिसतात. त्यामुळे मध्यम जाडीचा, मोकळा फॉन्ट बरा. नक्षीदार वळणं लग्नपत्रिकेतच शोभतात.

पहिलं डिझाइन अगदीच टाकाऊ नाही. नळ स्टॉपसारख्या चौकात, थांबण्याच्या रेषेपासून तीस-चाळीस फुटांवर जागा मिळाली, तर सिग्नलला अडकलेला माणूस यादीही वाचेल. तरी मी एक नंबर काढायला लावेनच. बायपासवर मात्र दुसरंच घ्या. त्यात नंबर घालूच नका; स्टिअरिंग धरून कोण लिहून घेणार? त्याऐवजी ‘पुलाखालून डावीकडे’ एवढं लिहा, पण दुकानाच्या नावाइतकं मोठं. यापुढे एकही शब्द वाढवू नका.

फ्लेक्स छापण्याआधी दोन्ही डिझाइन १० इंच रुंद कागदावर काढा, भिंतीला लावा आणि साडेसात फुटांवर उभं राहा. हे १८० फुटांवरून होर्डिंग पाहण्यासारखंच आहे. दुकानाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी बोलवा, तीन सेकंद दाखवून कागद झाका आणि काय विकतायत, दुकान कुठे आहे, एवढंच विचारा.