मॅक्सिलरी सायनसची खिडकी: खाली पाडायची की वर?

ईएनटीच्या व्हायवात हा प्रश्न हमखास येतो. मॅक्सिलरी सायनस सारखा भरतोय, औषधं पुरेशी देऊन झाली, आता नाकात खिडकी पाडायची आहे, कुठे पाडाल? पर्याय दोन. एक इन्फिरिअर मिएटसमध्ये, सायनसच्या तळाजवळ. दुसरा मिडल मिएटसमध्ये, जिथे सायनसचं स्वतःचं ऑस्टियम आहे तिथे. पहिला पर्याय चटकन पटतो, कारण साचलेलं खालच्या भोकातून निघून जाईल असं कुणालाही वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्जननाही तसंच वाटलं होतं. १८९३ साली न्यूयॉर्कच्या कॉल्डवेलने आणि १८९७ साली पॅरिसच्या ल्यूकने सांगितलेल्या शस्त्रक्रियेत वरच्या ओठाखालून सायनस उघडून नाकात अशीच खालची खिडकी पाडत, आणि ती पुढे कित्येक दशकं सर्रास चालू होती.

कोणता पर्याय घ्यायचा हे ठरवायला आधी सायनस रिकामा कसा होतो ते बघावं लागतं. प्रौढ माणसाच्या मॅक्सिलरी सायनसमध्ये साधारण १५ मिली हवा मावते. एवढ्या पोकळीचं ऑस्टियम मात्र जेमतेम २ ते ४ मिमीचं, आणि तेही आतल्या भिंतीवर पार वर, छताच्या जवळ. टाकीचा नळ तळाऐवजी झाकणाशी बसवावा, तशी ही रचना. गुरुत्वाकर्षणावर भिस्त ठेवली तर उभ्या माणसाचा सायनस कधीच रिकामा होणार नाही.

तो रिकामा होतो सिलियांमुळे. सायनसच्या आतल्या अस्तरावर म्युकसचा पातळ थर असतो आणि त्याखालचे सिलिया सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटके मारून तो थर पुढे सरकवत राहतात. या सरकण्याची दिशा ठरलेली असते. तळाशी तयार झालेला म्युकस चारही भिंतींवरून वर चढतो आणि मूळ ऑस्टियमकडेच जातो. मधे दुसरं भोक असलं तरी तो वळसा घालून त्याच्या बाजूने पुढे निघून जातो. हिल्डिंगने सशांच्या सायनसमध्ये खिडक्या पाडून हे तपासलं होतं, आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगरने पुढे म्युकसच्या या वाटा बारकाईने टिपल्या. खालच्या खिडकीची मुख्य अडचण हीच: भोक उघडं असतं, पण म्युकस तिकडे फिरकत नाही. शिवाय ही खिडकी कालांतराने आक्रसून बंद होण्याची शक्यताही बरीच.

आता वरची वाट. ऑस्टियम थेट नाकात उघडत नाही, ते आधी एथमॉइडल इन्फन्डिब्युलममध्ये उघडतं. ही काही मिमी रुंदीची खाच. तिच्या आतल्या बाजूला अनसिनेट प्रोसेस हे हाडाचं वाकडं पातळ पान, बाहेरच्या बाजूला डोळ्याच्या खोबणीची कागदासारखी भिंत, आणि मागे एथमॉइडल बुला. अनसिनेट आणि बुला यांच्यातल्या हायेटस सेमिल्युनॅरिसमधून म्युकस मिडल मिएटसमध्ये येतो. पुढच्या एथमॉइड पेशी आणि फ्रॉन्टल सायनस यांचा निचराही याच परिसरात होतो. मागच्या एथमॉइड पेशी आणि स्फिनॉइड यांच्या वाटा वेगळ्या, वरून आणि मागून. सीटी वाचताना हा फरक फार कामाला येतो.

या खाचेत अडथळा व्हायला मोठी गाठ लागत नाही. साध्या सर्दीत दोन्ही बाजूंचं अस्तर मिलिमीटरभर सुजलं, की समोरासमोरचे पृष्ठभाग एकमेकांना टेकतात आणि टेकलेल्या जागी सिलियांचं काम थांबतं. मग आत कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन अस्तर शोषून घेतं. ऑक्सिजन कमी पडला की सिलिया आणखी मंदावतात, अस्तरातून द्रव झिरपतो, म्युकस घट्ट होऊन साचतो आणि त्यात जिवाणू वाढतात. त्याने सूज आणखी वाढते आणि खाच आणखी बंद होते. सायनसचं अस्तर मुळात निरोगी असतं. ते बिघडतं ते दाराबाहेरच्या अडथळ्यामुळे. त्यामुळे वाट मोकळी झाली की आतली सूज बहुतेक वेळा आपोआप ओसरते, अस्तर खरवडून काढावं लागत नाही. १९८५च्या सुमारास अमेरिकेतल्या केनेडीने एंडोस्कोपने ही वाट मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेला 'फंक्शनल' म्हटलं ते याच अर्थाने.

एक नमुना रुग्ण घेऊ. तीस वर्षांचा माणूस, चार महिने डाव्या गालात जडपणा, वाकलं की दुखणं वाढतं, नाक चोंदलेलं, घशात मागून पिवळट कफ उतरतो. स्टिरॉइड स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, अँटिबायोटिक, सगळं झालं. कोरोनल सीटीत डावा मॅक्सिलरी आणि पुढच्या एथमॉइड पेशी धूसर, मागच्या एथमॉइड पेशी आणि स्फिनॉइड स्वच्छ. डावं मिडल टर्बिनेट हवा भरून फुगलेलं, त्याने अनसिनेटला बाहेर दाबलंय. एवढ्यावरून दोष कुठे आहे ते ठरतं: अनसिनेटच्या मागच्या त्या खाचेत. या माणसाला खालची खिडकी पाडली तर खाच होती तशीच बंद राहील. इथे फुगलेल्या टर्बिनेटचा बाहेरचा भाग काढायचा, अनसिनेट काढायचं आणि मूळ ऑस्टियम मोकळं करायचं.

पण वरचा पर्याय निवडला म्हणजे काम बिनचूक झालंच असं नाही. मूळ ऑस्टियम लांबट असतं आणि अनसिनेटच्या आड लपलेलं असतं. अनसिनेट जागेवर असताना सरळ एंडोस्कोपने मिडल मिएटसमध्ये छान गोल भोक दिसलं, तर ते बहुधा मागचं अॅक्सेसरी ऑस्टियम. नवखा सर्जन तेच मोठं करतो आणि खूश होतो. मग म्युकस मूळ ऑस्टियममधून बाहेर येतो, मागच्या भोकातून पुन्हा आत जातो, आणि असाच गोल फिरत राहतो. रुग्ण तक्रार घेऊन परत येतो, एंडोस्कोपीत दोन भोकांमध्ये म्युकसची दोरी ताणलेली दिसते. उपाय म्हणजे मधली पट्टी काढून दोन्ही भोकं एक करणं. वर काम करताना डोळ्याची खोबण लागूनच आहे, आणि फार पुढे गेलं तर अश्रुनलिका दुखावते, हेही ध्यानात हवं. अश्रुनलिकेचं टोक खालच्या मिएटसमध्ये उघडतं, म्हणजे खालच्या खिडकीतही ती जपावीच लागते.

खालची खिडकी मात्र मोडीत निघालेली नाही. प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशियात सिलिया चालत नाहीत किंवा नीट चालत नाहीत, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये म्युकस इतका चिकट की सिलियांना तो ढकलता येत नाही. तिथे गुरुत्वाकर्षण आणि आत पाणी सोडून धुणं एवढाच आधार, म्हणून तळाजवळचं मोठं भोक उपयोगी पडतं. फंगल बॉलचा तुकडा सायनसच्या तळाशी अडकला आणि वरून हत्यार पोचत नसेल, तेव्हाही सर्जन खालून जातात. व्हायवात हे अपवाद सांगितले की परीक्षक सहसा पुढचा प्रश्न विचारतो: एकाच बाजूचा सायनस, स्रावाला घाण वास, सीटीत मिडल मिएटसची वाट फारशी अरुंद नाही, मग? मग वरचे दात बघायचे, विशेषतः पहिली आणि दुसरी मोठी दाढ. त्यांची मुळं सायनसच्या तळाला भिडलेली असतात, आणि तिथून पू येत असेल तर दाताचा इलाज झाल्याशिवाय वरची खिडकीही पुरी पडत नाही आणि खालचीही नाही.