विरेचनासाठी मागितलेली रजा: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आम्लपित्ताच्या जुन्या त्रासासाठी वैद्यांनी विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवून पोट साफ करण्याचा आयुर्वेदिक उपचार, सुचवले. मी रजा मागितली, तेव्हा साहेबांचा पहिला प्रश्न असा होता की, पोट साफ करायला इतके आठवडे कशाला लागतात. प्रश्न रास्त होता, कारण प्रत्यक्ष विरेचन एकाच दिवसाचे असते. वेळ जातो तो त्याच्या आधीच्या तयारीत आणि नंतरच्या पथ्यात.

म्हणून मी वैद्यांकडून टप्प्यांचा तक्ता लिहून घेऊन अर्जाला जोडला. सुरुवातीच्या दीपन-पाचनाच्या, म्हणजे भूक आणि पचन सुधारणाऱ्या, औषधांच्या दिवसांत मी कामावर येणार होतो, हे त्यात स्पष्ट होते. त्यानंतर स्नेहपान, म्हणजे तीन ते सात दिवस सकाळी औषधी तुपाची रोज वाढती मात्रा. तूप पचून खरी भूक लागेपर्यंत केवळ गरम पाणी चालते, मळमळ व जडपणा येऊ शकतो, आणि प्रवास व जागरण वर्ज्य असते. पुढे साधारण तीन दिवस अभ्यंग व स्वेदन, म्हणजे तेलाचे मालिश आणि शेक देऊन घाम काढणे, मग विरेचन, आणि अखेरीस संसर्जन क्रम: शुद्धी किती झाली त्यानुसार तीन ते सात दिवस आधी पातळ पेज, मग घट्ट मऊ भात, मग मुगाचे कढण.

"हे शनिवार-रविवारी करता येणार नाही का?" या प्रश्नाचे उत्तर तक्त्यातच होते, कारण तुपाची चढती मात्रा मध्येच तोडता येत नाही. रजेच्या तारखा पक्क्या का नाहीत, हे समजावणे मात्र अवघड गेले. स्नेहपान किती दिवस चालवायचे हे लक्षणांवरून ठरते. मल स्निग्ध होणे, त्वचा मऊ पडणे, तुपाचा तिटकारा येणे ही ती लक्षणे. त्यामुळे मी काही दिवसांची मोकळीक मागितली आणि जास्त लागलेले दिवस बिनपगारी धरण्याची तयारी लिहून दिली.

शरीरातील विषद्रव्ये खरोखर बाहेर पडतात का, असेही साहेबांनी विचारले. तसे सिद्ध झाल्याचा दावा मी केला नाही. रजा जळजळ आणि आंबट ढेकरांवरच्या उपचारासाठी आहे, एवढेच सांगितले. माझ्या मते संमती या उत्तरामुळे मिळाली. काही रसौषधींत पारा किंवा शिसे असू शकते, म्हणून प्रत्येक औषधातील घटक मी वैद्यांना विचारून घेतले होते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवण्याविषयी डॉक्टरांचा सल्लाही घेतला होता. जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होते, तेव्हा ही चौकशी प्रत्येकाने आधीच करावी.

आज जळजळ बरीच कमी आहे, पण सलग जागरण झाले की ती परतते. हा गुण विरेचनाचा, पथ्याचा की विश्रांतीचा, हे मला वेगळे काढता येत नाही, आणि साहेबांनी विचारले तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितले.