नेपाळ: गरिबी हटली की परावलंबन वाढलं?

नेपाळच्या जीवनमान पाहणीनुसार 1995-96 मध्ये सुमारे 42 टक्के लोक गरीब होते. 2010-11 मध्ये 25 टक्के. याच काळात देशात किंवा परदेशात बाहेर राहून कमावणाऱ्यांकडून पैसे येणारी घरं 23 वरून 56 टक्क्यांवर गेली. गरिबी घटण्यामागे शेतमजुरीचे वाढलेले दरही होते, पण या पैशांचा वाटा मोठाच.

परावलंबनाचा पुरावा खर्चात दिसतो: 2010-11 मध्ये या पैशांतले 79 टक्के रोजच्या गरजांवर, 7 टक्के कर्जफेडीवर गेले, भांडवल उभारायला जेमतेम 2 टक्के. तरी पोटभर जेवणाला मी उधळपट्टी म्हणणार नाही. कतारला जायला काढलेलं सावकारी कर्ज फिटण्याआधीच नोकरी सुटली, तर मात्र ते घर पूर्वीपेक्षा गरीब होतं.