आठ महिने gensim वापरल्यावर: बातम्यांतले दडलेले विषय

आमचं साप्ताहिक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून निघतं. जुने अंक टाइप केलेल्या फायलींत पडून होते, साधारण साडेतीन हजार बातम्या. कोणत्या वर्षी आपण कशावर किती लिहिलं हे संपादकांना हवं होतं, म्हणून gensim या पायथन लायब्ररीतलं LDA लावलं, म्हणजे सोबत येणाऱ्या शब्दांवरून विषय शोधणारी पद्धत. ही पद्धत 2003 सालची, फुकट, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर काही मिनिटांत चालते.

पहिला महिना मात्र वायाच गेला. विषयांच्या यादीत ‘वनव’ असले तुकडे यायचे आणि ‘कापूस’ कुठेच नाही. दोष मजकुराचे शब्द तोडणाऱ्या gensim च्या simple_preprocess चा निघाला. पायथनचं \w काना, मात्रा, वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘कापूस’चे क, प, स असे तीन तुकडे होतात आणि एकअक्षरी म्हणून तिन्ही गळतात. ‘वनविभाग’मधून उरतं ते ‘वनव’. मराठीसाठी शब्द स्वतःच तोडावे लागतात:

```python
re.findall(r'[\u0900-\u0963\u0972\u200c\u200d]+', text)
```

त्यानंतरही ‘कापसाचा’, ‘कापसाला’, ‘कापसाच्या’ हे तीन वेगळे शब्द राहतात. नेहमीच्या दोनेकशे शब्दांचे प्रत्यय मी हाताने छाटले. कंटाळवाणं काम, पण फरक याच्याइतका दुसऱ्या कशानेच पडला नाही.

आता ‘दडलेला विषय’ म्हणजे काय? संपादक पहिल्या दिवशी म्हणाले, “मशीनले कसं कळते बाप्पा, कोणती बातमी शेतीची?” कळत नाहीच. आठवडी बाजारातून परतणाऱ्यांच्या फक्त पिशव्या तुम्हाला दिसतात, दुकानं दिसत नाहीत, असं समजा. हजारो पिशव्या पाहिल्या की लक्षात येतं, मिरची-हळद-धने सोबत येतात, खिळे-दोरी-कुलूप सोबत येतात. म्हणजे अशी दुकानं असावीत. LDA साठी बातमी म्हणजे पिशवी आणि विषय म्हणजे असं न दिसलेलं दुकान. प्रत्येक विषयात प्रत्येक शब्दाला कमी-जास्त शक्यता असते, आणि एक बातमी अनेक विषयांतून थोडंथोडं घेते. दुकानावरची पाटी मात्र आपण लावतो, यंत्राला नाव माहीत नसतं. पिशवीत शब्दांचा क्रमही राहत नाही, त्यामुळे ‘विषबाधा झाली’ आणि ‘विषबाधा झाली नाही’ यात त्याला जवळपास काहीच फरक दिसत नाही.

विषय बरोबर आहेत का, हे पाहायला एक जुनी युक्ती आहे. विषयातले वरचे पाच शब्द घ्यायचे, दुसऱ्या विषयातला एक घुसवायचा, आणि माणसाला घुसखोर ओळखायला लावायचा. 2009 मध्ये संशोधकांनी हे माणसांवर करून पाहिलं. आकड्यांत चांगलं दिसणारं मॉडेल माणसांना कधीकधी उलट कमी कळतं, असं त्यांना आढळलं. मी चिठ्ठ्या करून कृषी केंद्र चालवणाऱ्या मित्राला दिल्या. बोंड, अळी, कपाशी, पंचनामा, नुकसान, शाळा. ‘शाळा’ त्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत बाजूला काढली.

पण याच चिठ्ठ्यांनी मला फसवलंही. दहा विषय मागितले तेव्हा एक असा आला: अळी, बोंड, फवारणी, कीटकनाशक, विषबाधा, रुग्णालय. मित्राला यात काहीच वावगं वाटलं नाही. का वाटावं? 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीही आली आणि फवारणीतून विषबाधाही झाली. आमच्या डोक्यात ती एकच गोष्ट आहे. बाहेरचा माणूस ‘रुग्णालय’वर अडला असता. मग त्या विषयाच्या सर्वांत जास्त वाट्याच्या वीस बातम्या काढून वाचल्या. बारा पिकाच्या नुकसानीच्या आणि मदतीच्या मागणीच्या, आठ दवाखान्यात भरती झालेल्या मजुरांच्या. दोन दुकानं एका पाटीखाली होती. पंचवीस विषय मागितल्यावर ती वेगळी झाली. साठ मागितले तर पंचनामाच तीन तुकड्यांत फुटला. तेव्हापासून माझा नियम असा की शब्द पटले तरी बातम्या वाचल्याशिवाय नाव द्यायचं नाही.

दुसरी तपासणी random_state, म्हणजे यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा, बदलून पाच वेळा चालवण्याची. सगळ्या बातम्यांवरून किती फेऱ्या मारायच्या ते सांगणारं passes मुळात 1 असतं, तेवढ्यावर विषय दरवेळी हलतात. मी 20 ठेवलं. पंचवीसपैकी सतरा विषय पाचही वेळा जवळपास तसेच परत आले. उरलेल्या आठांवर मी संपादकांना काही सांगत नाही.

एक विषय मात्र हट्टाने दरवेळी येतो: मान्यवर, उपस्थित, सत्कार, प्रास्ताविक, आभार. चिठ्ठ्यांत पास, वाचनात पास, पाचही वेळा स्थिर. पण हा मजकुराचा विषय नव्हे, आमच्या बातमी लिहिण्याच्या साच्याचा. तो शाळेच्या गॅदरिंगमध्येही दिसतो आणि कापूस खरेदीच्या उद्‌घाटनातही. मोजणीतून मी तो वगळला. संपादकांनी यादी पाहिली, हिशेब केला आणि विचारलं, “म्हंजे आपल्या अंकाचा पाचवा हिस्सा सत्कारच होय का?”