आई-बाबांच्या एफडींची शिडी: चौदा महिन्यांचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये आई-बाबांची सगळी शिल्लक मोडून नव्याने मांडली. आता फेब्रुवारी २०२६ चालू आहे. एक पूर्ण वर्ष आणि वर दोन महिने या मांडणीवर घर चाललं, तेव्हा काय जमलं आणि काय फसलं ते आकड्यांसकट लिहितो.

बाबा सांगलीत एका खासगी कारखान्यात होते, डिसेंबर २०१८ मध्ये निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकाच महिन्यात आली आणि त्यांनी ती एकाच आठवड्यात तीन वर्षांच्या एफडींमध्ये घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या पुन्हा तीन वर्षांसाठी फिरवल्या. म्हणजे घरातल्या सगळ्या पैशांचा वाढदिवस एकाच महिन्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य विम्याचा ५८ हजारांचा हप्ता आला, बचत खात्यात तेवढे नव्हते, म्हणून बाबांनी मला न सांगता आठ लाखांची एफडी मोडली. मुदत संपायला तीन महिने राहिले होते. ठरलेला दर ५.९ टक्के होता, पण मोडल्यावर जितका काळ पैसे राहिले त्या काळाचा जुना दर, ५.६, धरला आणि त्यातून एक टक्का दंड कापला. मी हिशोब केला तेव्हा ३२ हजारांच्या वर व्याज गेलेलं दिसलं. त्याच एफडीवर ५८ हजारांचं कर्ज काढलं असतं, तर एक-दोन टक्के जास्त दराने तीन महिन्यांचे हजार-बाराशे रुपये लागले असते. हे शाखेत कुणी सुचवलं नाही, आणि बाबांनी विचारलं नाही.

डिसेंबरात सगळं मिळून ४५ लाख हातात आले, शिवाय बचत खात्यात ४० हजार. यातले २० लाख बाबांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले. दर ८.२ टक्के, खातं उघडताना जो असेल तो पाच वर्षं तसाच राहतो. नऊ लाख दोघांच्या नावाने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी. इथपर्यंत कुणीही करेल. उरलेल्या १६ लाखांतले दोन लाख अडीअडचणीला बाजूला काढले आणि १४ लाखांची शिडी करायची ठरवली, म्हणजे सगळ्या एफडी एकदम न पिकता पैसे लागतील तेव्हा एकेक पिकेल अशी मांडणी. त्यातली प्रत्येक एफडी म्हणजे एक पायरी.

पहिल्या कागदावर मी सरळ भागाकार केला होता. वर्षाचा खर्च ४ लाख ४४ हजार. पेन्शन, मासिक योजना आणि ज्येष्ठ योजना मिळून २ लाख ६७ हजार ८०० येतात. तूट १ लाख ७६ हजार २००, भागिले बारा, म्हणजे दर महिन्याला १४ हजार ७०० ची एक एफडी पिकेल. कागद आईला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "सप्टेंबरात विमा कशातून भरायचा?"

ती बरोबर होती. आई गेली कित्येक वर्षं खर्चाची वही ठेवते. त्या वहीतले मागचे दोन्ही वर्षांचे महिने काढले तेव्हा सरासरी महिना ३७ हजारांचा निघाला, पण प्रत्यक्षात ३७ हजार खर्च झालेला एकही महिना सापडला नाही. नेहमीचा महिना २८ हजारांचा. त्यावर एप्रिलात वर्षाचं धान्य १८ हजार, जूनमध्ये घरपट्टी ७ हजार, सप्टेंबरात विमा ५८ हजार आणि दिवाळीला २५ हजार. उत्पन्नही सपाट नाही. पेन्शनचे ३,१०० आणि मासिक योजनेचे ५,५५० मिळून ८,६५० दरमहा येतात, पण ज्येष्ठ योजनेचे ४१ हजार फक्त जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला. माझ्या बारा सारख्या पायऱ्यांनी एप्रिलात ६४ हजार हातात आले असते आणि लागले असते ४६. सप्टेंबरात लागणार होते ८६ आणि आले असते २३.

मग उलटा हिशोब मांडला. ८,६५० वजा केले की नेहमीच्या महिन्याला १९,३५० कमी पडतात. तिमाहीचे ४१ हजार पहिल्या दोन महिन्यांची तूट भरतात आणि २,३०० उरतात. तिसऱ्या महिन्यात १७ हजार कमी पडतात. म्हणजे नेहमीच्या खर्चासाठी पायऱ्या हव्यात त्या मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या चारच. जूनच्या पायरीत घरपट्टी मिसळली की ती २४ हजारांची होते, सप्टेंबरच्या पायरीत विमा मिसळला की ७५ हजारांची. धान्याची एप्रिलमध्ये एक, दिवाळीची ऑक्टोबरात एक. बाराऐवजी सहा एफडी. मुद्दल मागे मोजायचं: सप्टेंबरात ७५ हजार हवेत, तर ६.५ टक्क्यांनी नऊ महिन्यांसाठी ७१,५०० ठेवायचे.

या सहांच्या मागे पाच मोठ्या एफडी आहेत, २०२५ ते २०२९ पर्यंत दर डिसेंबरात एक पिकणारी. प्रत्येकीचं काम एकच: पिकली की पुढच्या वर्षाच्या सहा छोट्या एफडींमध्ये वाटली जायची. खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तेव्हा २०२६ ची तूट २ लाख ३ हजार निघाली. म्हणून पहिल्या मोठ्या एफडीत १ लाख ८९ हजार, ७.२५ टक्क्यांनी. गेल्या डिसेंबरात ती बरोबर तेवढी होऊन आली.

पहिल्या दोन महिन्यांची गोष्ट वेगळी. ज्येष्ठ योजनेचं खातं १६ डिसेंबरला उघडलं, म्हणून १ जानेवारीला पूर्ण ४१ हजार न येता सात हजारांच्या आसपासच आले. बचत खात्यातले ४० हजार त्यासाठीच शिल्लक ठेवले होते.

पहिला घोटाळा मार्चमध्ये झाला. पाच तारखेला पैसे जमा झाल्याचा मेसेज आलाच नाही. बाबांनी पासबुक भरून आणलं, त्यातही नोंद नाही. एफडी मी मोबाइलवर उघडली होती, आणि तिथे मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण हा पर्याय आधीच निवडलेला होता. सतरा हजार पुन्हा तीन महिन्यांसाठी बंद. दोन दिवसांतच मोडल्यामुळे नुकसान नगण्य झालं, पण त्या संध्याकाळी सगळ्या पावत्या काढून मुदतीनंतरची सूचना एकेक तपासली. आणखी दोन तशाच निघाल्या, त्यातली एक सप्टेंबरची. ती तशीच राहिली असती तर विम्याच्या वेळी पुन्हा मागच्यासारखंच झालं असतं. आता पावतीवर "मुद्दल व व्याज बचत खात्यात जमा" असं छापलेलं दिसल्याशिवाय मी ती फाइलला लावत नाही.

तसं पाहिलं तर मार्चच्या एफडीला अर्थच नव्हता. सतरा हजारांवर तीन महिन्यांचं व्याज सव्वादोनशे-अडीचशे रुपये. यंदा मार्चचे पैसे सरळ बचत खात्यात ठेवले आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या छोट्या रकमेची पायरी करू नये, हे मत मी अनुभवाने बनवलं आहे.

जुलैत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. विम्यात मोतीबिंदूला मर्यादा होती, त्यामुळे वरचे ३१ हजार खिशातून. अडीअडचणीचे दोन लाख मी ५० हजारांच्या चार एफडींमध्ये ठेवले होते, म्हणून एकच मोडावी लागली. पण एफडी दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी. बाबांना वाटलं एकाची सही पुरेल. मुदत पूर्ण झाली की पुरते, मुदतीआधी मोडायची तर दोघांची लागते. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईला रिक्षाने शाखेत नेलं. हे टाळता येतं: मुदतीआधी मोडण्याचा अधिकार एकालाही असावा, असं दोघांच्या सहीने आधीच लिहून द्यायचं. आम्ही त्याच दिवशी सगळ्या बँकांमध्ये तसं लिहून दिलं.

सप्टेंबरची पायरी मात्र आमच्या बाजूने गेली. मूळ हप्ता नऊ टक्क्यांनी वाढला होता, आणि जुन्या पद्धतीने जीएसटी धरला असता तर ६३ हजार भरावे लागले असते. पण वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आणि आमच्या नूतनीकरणाची तारीख २६ होती. ५३,५०० मध्ये भागलं. हा योग होता, हिशोब नव्हे. मी हप्त्यात वाढ धरलीच नव्हती. यंदाची पायरी दहा टक्के वाढ धरून केली आहे.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून ५.२५ पर्यंत खाली आणला आणि बँकांनी एफडीचे दर त्यामागे उतरवले. आमच्या मागच्या चार मोठ्या एफडी ७.२५ वर बांधलेल्या असल्याने त्यांना धक्का नाही. नवा कमी दर लागला तो फक्त यंदाच्या छोट्या एफडींना, आणि त्या काही महिन्यांत खर्चच होणार आहेत. बाबांना मधेच एका पतसंस्थेचा नऊ टक्क्यांचा फलक दिसला. त्यावर आमची दोन दिवस वादावादी झाली. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. शिडी तीन बँकांत विभागताना हीच मर्यादा डोळ्यांपुढे ठेवली होती. बाबा गप्प बसले, पण पटलं असं अजून म्हणत नाहीत.

करापायी काही गेलं नाही. बाबांचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे, पण पोस्टातलं व्याज लाखाच्या वर जातं, म्हणून व्याजातून आधीच कर कापला जाऊ नये यासाठीचा पंधरा एच हा अर्ज एप्रिलमध्ये भरून दिला. तो दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावा लागतो.

शिडीने पैसे वेळेवर येतात, पण ते पुरतात असं नाही. व्याज आणि मुद्दल दोन्ही खात आम्ही चाललो आहोत. सहा टक्के महागाई धरली तर सातव्या वर्षाच्या अखेरीस हे १४ लाख जवळजवळ संपतात. तेव्हा बाबा ७३ वर्षांचे असतील आणि पोस्टातले २९ लाख शिल्लक असतील, त्यांना हात लावायची वेळ येईल. हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. गेल्या वर्षी नेहमीचा महिना प्रत्यक्षात २८ नव्हे, साडेएकोणतीस हजारांना पडला, हेही आईच्या वहीत आहे.

डिसेंबरात २०२६ च्या पायऱ्या लावताना एक गंमत झाली. गेल्या वर्षी दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती, म्हणून एफडी पाच ऑक्टोबरला पिकवली होती. तो निघाला रविवार, पैसे सहाला आले. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मी तारीख २ नोव्हेंबर घातली. बाबांनी दिनदर्शिकेवर लाल पेनाने खूण केली. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "अहो, चिवड्याचं सामान काय पाडव्याला आणायचं?" तारीख २३ ऑक्टोबर केली.