अनफॉलो कोणत्या पोस्टमुळे झाले? शोधायचे तीन मार्ग, आणि कुणाला कोणता परवडतो

इन्स्टाग्रामवर धंद्याचं अकाउंट चालवणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: काल वीस-पंचवीस जण कमी झाले, ते कोणत्या पोस्टमुळे? उत्तर शोधायला तीन सरळ मार्ग आहेत. ऍपमधले इनसाइट्स रोज पाहून वहीत किंवा शीटमध्ये उतरवणं हा पहिला. पोस्ट शेड्यूल करून देणारं पैसे भरायचं टूल हा दुसरा. आणि इन्स्टाग्रामकडून आपल्या फॉलोअरची यादी मागवून जुन्या यादीशी ताडून पाहणं हा तिसरा. पहिले दोन ‘किती गेले’ ते सांगतात, ‘कोण गेले’ ते फक्त तिसरा सांगतो. निवड करताना हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चौथाही एक मार्ग दिसतो: ‘तुम्हाला कुणी सोडलं’ असं दाखवणारी आणि त्यासाठी तुमचा पासवर्ड मागणारी ऍप्स. तो तुलनेतही धरू नका. बाहेरच्या टूलसाठी इन्स्टाग्रामची जी अधिकृत वाट आहे, त्या वाटेने फॉलोअरची नावं मिळतच नाहीत. म्हणजे ही ऍप्स तुमच्या नावाने आत शिरून यादी खरवडतात, आणि त्यात अकाउंट अडकू शकतं.

आता पहिले दोन मार्ग. प्रोफेशनल अकाउंटच्या इनसाइट्समध्ये नवे आलेले आणि सोडून गेलेले असे दोन आकडे वेगळे दिसतात. हे दोन्ही उतरवा, नुसती बेरीज-वजाबाकी नको. ३० आले आणि ३४ गेले तर एकूण फरक चारचाच दिसतो, आणि खरी पडझड झाकली जाते. टूलही हेच आकडे इन्स्टाग्रामकडून `follows_and_unfollows` या नावाखाली घेतं. टूलचा फायदा असा की रोज उतरवायचा कंटाळा नाही, जुनी नोंद साठत जाते, आणि आलेखावर पोस्टच्या खुणा आपोआप उमटतात.

पण त्या खुणांनीच फसगत होते. मेटाच्या अधिकृत आकड्यांचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने संपतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला, आणि तिकडच्या हिवाळ्यात दीडला. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी सातला टाकलेली रील आणि बुधवारी सकाळी नऊला टाकलेली पोस्ट आपल्या दृष्टीने दोन दिवसांतल्या असल्या, तरी त्यांचे अनफॉलो एकाच ‘मंगळवार’च्या खात्यात जमा होतात. कुठलंही टूल घ्यायच्या आधी विचारा, की हे दिवस भारतीय वेळेने मोजले आहेत का, आणि नसतील तर पोस्टची खूण कोणत्या दिवशी पडते. नीट उत्तर मिळालं नाही तर हातानं भरलेली शीट बरी. आणि शीट असो की टूल, दोन पोस्ट मेटाच्या एकाच दिवसात येऊ देऊ नका. दुपारी दोनच्या पुढे एक पोस्ट, आणि पुढची किमान दुसऱ्या दिवशी दुपारी दोननंतर. शेड्यूल असं मोकळं नसेल तर पुढचं सगळं गणित फुकट जातं.

घसरण खरी की नेहमीची, हेही आधी ठरवावं लागतं. महिनाभर रोज सरासरी ८ जण सोडत असतील, तर एखाद्या दिवशी १३ गेले म्हणून पोस्टला दोष देऊ नका. एवढा चढउतार कारणाशिवायही होतो. ढोबळ हिशोब असा: सरासरीचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, सरासरीत मिळवा. ८ चं वर्गमूळ सुमारे २.८, म्हणजे १४ च्या आत असेल तर सोडून द्या. दुसरी गोष्ट, जी पोस्ट जास्त फॉलोअरना दिसते तिच्यामुळे सोडणारेही जास्त असतात. म्हणून सरासरीच्या वरचे अनफॉलो त्या पोस्टच्या फॉलोअर-रीचने भागा. तीन हजार फॉलोअरनी पाहिलेल्या रीलनंतर १२ वाढीव गेले तर हजारी ४ झाले. सहाशेंनी पाहिलेल्या पोस्टनंतर तेवढेच गेले तर हजारी २०. काळजी करायची ती दुसरीची.

आता एक उदाहरण, आकडे समजण्यापुरते. फराळ विकणाऱ्या एका अकाउंटचे ८,२०० फॉलोअर आहेत. मंगळवारी संध्याकाळी सातला चकलीचे भाव वाढल्याची रील गेली, आणि बुधवारी सकाळी नऊला दहा दिवस चाललेल्या स्पर्धेचा निकाल. मंगळवारच्या खात्यात ३४ अनफॉलो. नेहमीचे ८ वजा जाता २६ वाढीव. मालकीणबाईंना वाटणार, भाव वाढवले म्हणून लोक गेले. शीट किंवा टूल यापुढे काही सांगू शकत नाही, कारण दोन्ही पोस्ट एकाच दिवसात पडल्या आहेत.

इथे तिसरा मार्ग कामाला येतो. अकाउंट्स सेंटरमधून आपली माहिती डाउनलोड करायची विनंती टाका आणि फक्त फॉलोअरची यादी निवडा. कालावधी मात्र ‘सुरुवातीपासून’ असाच ठेवा. तो मर्यादित राहिला तर जुने फॉलोअर यादीत येतच नाहीत, आणि ताडून पाहताना हजारो लोक सोडून गेल्याचा भास होतो. फाइलचा प्रकार JSON निवडला की मिळणाऱ्या `followers_1.json` मध्ये प्रत्येक नावापुढे त्याने कधी फॉलो केलं ती वेळही असते. दोन्ही याद्या शीटमध्ये टाका, जुनी नावं A मध्ये, नवी B मध्ये, आणि C2 मध्ये हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B:B,A2)
```

शून्य आलं ते नाव गेलं. आठवड्याच्या दोन टोकांना काढलेल्या याद्या ताडल्यावर समजा ७९ नावं गेलेली निघाली, आणि त्यातल्या ३१ जणांनी स्पर्धेच्या दहा दिवसांतच फॉलो केलं होतं. स्पर्धेने आलेले सगळे मिळून ४१०, म्हणजे एकूण फॉलोअरपैकी ५ टक्के. सगळे सारख्याच प्रमाणात सोडत असते तर ७९ मध्ये त्यांचे चारच असायला हवे होते. नवे लोक एरवीही जुन्यांपेक्षा लवकर सोडतात, तरी ३१ हा आकडा त्याने भरून निघत नाही. बक्षिसासाठी आलेले निकाल लागताच निघून गेले. चकलीच्या भावाचा संबंध फार नाही, आणि ती रील काढून टाकायचं कारणही नाही.

या मार्गाच्याही अडचणी आहेत. फाइल लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळे रोज करायचं हे काम नव्हे. ज्याने नाव बदललं तो गेलेला आणि नव्याने आलेला, असा दोनदा मोजला जातो. अकाउंट बंद केलेले आणि इन्स्टाग्रामने हटवलेले खोटे फॉलोअरही ‘गेलेल्यां’त दिसतात. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने खोटी अकाउंट्स एकदम काढली, तेव्हा मोठमोठ्या अकाउंटचे आकडे एका झटक्यात खाली आले होते. त्यात पोस्टचा काही संबंध नव्हता. म्हणून गेलेल्या नावांपैकी दहा-पंधरा उघडून पाहा. बहुतेक प्रोफाइल उघडतच नसतील तर ती सफाई आहे.

यूट्यूबवर एवढा खटाटोप लागत नाही. तिथल्या ऍनालिटिक्समध्ये प्रत्येक व्हिडिओपुढे मिळालेले आणि गमावलेले सबस्क्रायबर वेगवेगळे दिसतात. फक्त व्हिडिओचं पान सोडून दुसरीकडून, जसं चॅनेलच्या पानावरून, जे सोडून गेले ते त्या व्हिडिओच्या खात्यात येत नाहीत.

मग घ्यायचं काय? आठवड्याला तीन-चार पोस्ट आणि दहा हजारांच्या आत फॉलोअर असतील तर पैसे खर्चू नका. रोज दुपारी दोननंतर दोन आकडे उतरवा, दर महिन्याच्या एक तारखेला यादी मागवा, आणि स्पर्धा किंवा मोठी सवलत असेल तेव्हा आधी आणि नंतर एकेक जादा यादी काढा. टूलचे पैसे वसूल होतात ते चार-पाच अकाउंट एकाच माणसाच्या हातात असतात तेव्हा, कारण एवढ्यांचे आकडे रोज हाताने उतरवणं कुणाकडून होत नाही. तेव्हाही यादीचं काम सोडू नका. टूल तेवढं करून देणार नाही.