माफीपत्रात ‘18 तारीख’ लिहायची की ‘29’?

समजा, पुरवठादाराच्या बिलाची मुदत शुक्रवारी, 8 तारखेला संपली. आज सोमवार, 11. खात्यात बिलाच्या चाळीस टक्के रक्कम मोकळी आहे. बाकीचे पैसे तुमच्या एका ग्राहकाकडून यायचे आहेत आणि तो म्हणतोय, ‘पुढच्या सोमवारी, 18 ला देतो.’ माफीचा मसुदा तयार आहे, फक्त तारखेची जागा रिकामी आहे.

पहिला पर्याय म्हणजे 18 लिहून टाकणं. वाचणाऱ्याला ती जवळची वाटते, रागही लगेच निवतो. पण ती तारीख तुमची नाही, तुमच्या ग्राहकाची आहे. मागच्या तीन वेळा त्यानं सांगितलेल्या दिवसानंतर किती दिवसांनी पैसे दिले, ते खातेवहीत बघा. समजा 3, 5 आणि 6 दिवस लागले. इथे सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट आकडा धरा. 18 अधिक 6 म्हणजे 24, तो रविवार. म्हणजे पैसे हाताशी येणार सोमवारी, 25 ला. तुमच्याकडे पेमेंट फक्त गुरुवारी निघत असतील तर 28, आणि बँकेचा एक दिवस धरला की पुरवठादाराच्या खात्यात 29. हीच खरी तारीख. 18 आणि 29 मधले अकरा दिवस आज लपवले, तरी ते नंतर उघडे पडतातच.

दुसरा पर्याय, सरळ 29 लिहिणं. पत्र मिळताच फोन येईल, ‘इतके दिवस?’ तो फोन घ्यावा. मी वसुलीच्या बाजूला बसून अशी पत्रं वाचली आहेत. त्या टेबलावर उशिरापेक्षा अनिश्चिततेचा त्रास जास्त होतो, कारण पुरवठादारालाही पगार आणि कच्च्या मालाचे पैसे द्यायचे असतात. तारीख पक्की असेल तर तो त्याप्रमाणे सोय लावतो. 18 चुकली की पुढची तारीख कुणी खरी मानत नाही.

तिसरा पर्याय मला सगळ्यात बरा वाटतो: चाळीस टक्के याच गुरुवारी, 14 ला पाठवायचे आणि उरलेले साठ टक्के 29 पर्यंत. शब्दांआधी पैसे पोचले की माफी खरी वाटते. मात्र दोन गोष्टी सांभाळा. कोणत्या बिलापोटी किती पाठवले हे न कळवता अर्धवट रक्कम गेली, तर त्यांच्या हिशेबात ती भलत्याच जुन्या बिलावर चढू शकते आणि हे बिल थकलेलंच दिसतं. शिवाय थकबाकीमुळे माल रोखला असेल, तर काही ठिकाणी पूर्ण रक्कम येईपर्यंत तो सुटत नाही. आधी विचारून घ्या. आणि ते चाळीस टक्के पगारासाठी राखलेले असतील, तर या वाटेला जाऊ नका.

आता शब्दांचं बघू. सहसा लिहिलं जातं ते असं:

‘काही अपरिहार्य कारणांमुळे पेमेंटला विलंब झाला आहे. लवकरात लवकर पूर्तता करू. सहकार्याची अपेक्षा.’

यात कुणी चुकलंय असं दिसतच नाही, आणि ‘लवकरात लवकर’ कॅलेंडरवर सापडत नाही. त्याऐवजी:

‘तुमच्या बिल क्रमांक 214 चे पैसे 8 तारखेला द्यायचे होते, ते आम्ही दिले नाहीत. मुदतीआधी कळवलंही नाही, याबद्दल माफी मागतो. आमच्या एका ग्राहकाकडची रक्कम अडकली आहे. बिलाची 40 टक्के रक्कम गुरुवारी, 14 तारखेला पाठवत आहोत. उरलेली 60 टक्के शुक्रवारी, 29 तारखेपर्यंत तुमच्या खात्यात जमा होईल. दोन्ही वेळी व्यवहार क्रमांक त्याच दिवशी कळवू.’

कारण एका वाक्यात संपतं. ते लांबलं की सफाई दिल्यासारखं वाटतं. माफी एकदाच, आणि ती न कळवल्याचीही, कारण मुदतीचा दिवस गप्प राहून घालवला हे जास्त लागतं. ‘पाठवू’ आणि ‘जमा होईल’ यांत एका दिवसाचा फरक आहे. पुरवठादार जमा होण्याची वाट बघतो, म्हणून शेवटची तारीख जमा होण्याचीच द्या. नव्या ऑर्डरचा विषय याच पत्रात काढू नका. बिलातल्या काही रकमेवर वाद असेल तर तो वेगळ्या पत्रात मांडा आणि वर फक्त मान्य रकमेचाच शब्द द्या.

25 ला संध्याकाळपर्यंत ग्राहकाचे पैसे आले नाहीत, तर 29 ची वाट न बघता त्याच दिवशी पुरवठादाराला फोन करा. तेव्हा त्याच्या हातात अजून चार दिवस असतात.